मागणी आधी, अडचण शेवटी

नव्या कंपनीचे संस्थापक आज गुंतवणूकदारांसमोर उभे राहतात, तेव्हा त्यांच्या दहा-बारा स्लाईडचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी ग्राहकाची अडचण, मग तिच्यावरचा आपला तोडगा, मग बाजारपेठ केवढी आहे ते, मग आजवर प्रत्यक्ष काय साधले ते, म्हणजे या वर्तुळात सगळे ज्याला ट्रॅक्शन म्हणतात ते, आणि सरतेशेवटी मागणी: इतके पैसे हवेत, त्या बदल्यात इतका हिस्सा देऊ. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणीतरी एका बैठकीत आखून दिला असावा असे वाटते. पण आपण त्याचा माग काढत मागे गेलो, तर ही पाच अंगे वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या माणसांच्या शंकांमधून जन्मलेली दिसतात. त्यांच्या जन्माचा क्रमही स्लाईडच्या क्रमाच्या जवळजवळ उलटा आहे. मागणी सर्वांत थोरली आणि अडचण सर्वांत धाकटी.

मागणीचे सर्वांत ठसठशीत जुने रूप पाहायला आपल्याला स्पेनमध्ये जावे लागते. पश्चिमेकडून समुद्रमार्गे आशिया गाठण्याची योजना घेऊन कोलंबस आधी पोर्तुगालच्या राजाकडे गेला, तिथे नकार मिळाल्यावर स्पेनच्या दरबारात आला आणि अनेक वर्षे तिष्ठत राहिला. १७ एप्रिल १४९२ रोजी ग्रॅनडाजवळच्या सांता फे येथे जो करार झाला, त्यात त्याची मागणी कलमवार नोंदलेली आहे. महासागराचा ॲडमिरल हा वंशपरंपरागत किताब, सापडणाऱ्या प्रदेशांचे व्हाइसरॉयपद, तिथल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणि व्यापारी सफरींत एक अष्टमांश खर्च उचलून तितकाच नफा घेण्याचा हक्क. हिश्शाची टक्केवारी, संस्थापकाचे पद आणि पुढच्या फेरीत पैसे घालण्याचा अधिकार, हे सारे त्यात आले. आज टर्म शीट वाचणाऱ्याला यात नवे फार थोडे वाटेल. त्या दरबाराच्या तज्ज्ञांनी मात्र ही योजना आधी फेटाळली होती, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर ते बरोबर होते. कॅनरी बेटांपासून जपानपर्यंतचे अंतर कोलंबसाने सुमारे २,४०० सागरी मैल धरले होते. प्रत्यक्षात ते त्याच्या चौपटीहून जास्त आहे. मधे एक खंड आडवा आला म्हणून जहाजे वाचली. मागणी काटेकोर आणि तिच्याखालचा मूळ आकडा चुकलेला, हा दोष तेव्हापासून आजतागायत पिचमध्ये भेटत आला आहे.

पुढची पावणेतीनशे वर्षे आपण झपाट्याने ओलांडू. त्या काळात लंडनमध्ये योजना घेऊन भांडवल मागणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. डॅनियल डीफोने १६९७ मध्ये अशा योजनांवर एक पुस्तक लिहिले आणि आपल्या काळाला योजनाबाजांचे युग म्हटले. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटला, हजारोंचे पैसे बुडाले, आणि अनोळखी माणसाच्या कागदावर विश्वास ठेवायचा तर त्या कागदाने आणखी काही दाखवले पाहिजे ही जाणीव पक्की झाली.

बाजारपेठेचा प्रश्न पहिल्यांदा नेमकेपणाने विचारला तो बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने. जेम्स वॉटने जानेवारी १७६९ मध्ये आपल्या सुधारित वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्याचा भांडवलदार भागीदार जॉन रोबक याने बोल्टनला एक प्रस्ताव दिला: वॉरविक, स्टॅफर्ड आणि डर्बी या तीन परगण्यांपुरती इंजिने बनवण्याचा परवाना घ्या. बोल्टनने ७ फेब्रुवारी १७६९ रोजी वॉटला पत्र लिहून तो नाकारला. तीन परगण्यांसाठी इंजिने बनवणे आपल्याला परवडणार नाही, सगळ्या जगासाठी बनवणे मात्र परवडेल, असे त्याचे म्हणणे होते. यामागे निव्वळ हाव नव्हती, हिशेब होता. अचूक इंजिने बनवायची तर खास कारखाना, खास अवजारे आणि शिकवून तयार केलेले कारागीर हवेत. हा खर्च थोड्या इंजिनांवर वाटला तर प्रत्येक इंजिन महाग पडते, पुष्कळ इंजिनांवर वाटला तर स्वस्त आणि अधिक नेमके होते. आजही गुंतवणूकदार बाजारपेठेच्या स्लाईडवर हेच शोधतो. बाजार मोठा असल्याचे त्याला ऐकायचे नसते. उभारणीचा ठरावीक खर्च पेलायला तो पुरेसा मोठा आहे का, हे त्याला पाहायचे असते.

रोबक १७७३ मध्ये दिवाळखोर झाला आणि त्याचा पेटंटमधला हिस्सा बोल्टनकडे आला. त्यानंतर बोल्टन आणि वॉट या जोडीने केलेली गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. कॉर्नवॉलच्या खाणींमध्ये कोळसा मिळत नसे, तो जहाजाने आणावा लागे, म्हणून पाणी उपसणाऱ्या जुन्या इंजिनांचा इंधनखर्च मालकांच्या जिवावर येई. या दोघांनी मोबदला म्हणून मागितला तो वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग. ती बचत मोजण्यासाठी त्यांनी इंजिनाच्या तुळईवर कुलूपबंद पेटीतला एक गणक बसवला. इंजिनाने किती फेरे मारले ते तो नोंदवी आणि खाणमालकाला त्यात हात घालता येत नसे. तोडगा चालतो आहे याचा पुरावा, दोन्ही बाजूंना मान्य असा आकडा आणि त्या आकड्याला जोडलेले उत्पन्न, या तिन्ही गोष्टी त्या पेटीत एकत्र आल्या. ट्रॅक्शनच्या स्लाईडला पूर्वज शोधायचा तर तो हाच.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कंपन्यांचे कायदे आले आणि लोकांकडून पैसे मागणारा कागद, म्हणजे प्रॉस्पेक्टस, हळूहळू वकिलांच्या हाती गेला. १८८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने डेरी विरुद्ध पीक या खटल्यात निकाल दिला. प्लिमथच्या एका ट्राम कंपनीने आपल्याला वाफेवर ट्राम चालवण्याचा हक्क असल्याचे प्रॉस्पेक्टसमध्ये छापले होते. त्यासाठी लागणारी सरकारी संमती पुढे पूर्णपणे मिळालीच नाही. संचालकांचा त्या विधानावर प्रामाणिक विश्वास होता म्हणून ते सुटले, पण पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून प्रॉस्पेक्टसमधल्या चुकीच्या विधानाची जबाबदारी संचालकांवर टाकली. तेव्हापासून दोन वाटा फुटल्या. जनतेसमोर ठेवायचा कागद सावध आणि जाडजूड होत गेला, तर मोजक्या श्रीमंतांसमोर मांडायचा प्रस्ताव सुटसुटीत राहिला. आजची पिच डेक ही या दुसऱ्या वाटेची वंशज आहे. आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्यातले ४२ वे कलम खासगी रीतीने भाग देण्याला मुभा देते, आणि त्याखालच्या नियमांनुसार एका आर्थिक वर्षात एका प्रकारच्या रोख्यांसाठी सर्वसाधारणपणे २०० व्यक्तींपर्यंतच प्रस्ताव नेता येतो.

या दोन वाटांच्या फाट्यावर मुंबईत घडलेला एक प्रसंग आपण थोडे थांबून पाहू. टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी जमशेटजींच्या पश्चात दोराबजींनी आधी लंडनच्या बाजारात भांडवल शोधले. तिथे पैसा आखडला होता आणि जे देऊ पाहत होते त्यांना कारखान्यावर ताबा हवा होता. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईत प्रॉस्पेक्टस काढला. स्वदेशीचे वारे होते, टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी लोटली, आणि तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे सारे भांडवल पुरवले. ही गोष्ट नेहमी देशभक्तीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण त्या प्रस्तावाचा कणा पाहिला तर देशभक्तीच्या आधी दुसरेच काही दिसते. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या १९०४ च्या पत्रामुळे गुरुमहिसानीच्या लोहखनिजाचा ठाव लागला होता. अमेरिकी अभियंता चार्ल्स पेरिन याने जागेचा आणि खनिजाचा अभ्यास केला होता. शिवाय सरकारने दहा वर्षे दरसाल २०,००० टन पोलादी रूळ आयातीच्या भावाने घेण्याचे मान्य केले होते. कारखान्याची एक वीटही रचली गेली नव्हती, तरी खरेदीदार, माल, मुदत आणि भाव ठरलेले होते. माल तयार नसताना ट्रॅक्शन कसे दाखवावे असे आज अनेक संस्थापक विचारतात. याहून चांगले उदाहरण त्यांना क्वचितच सापडेल.

आता आपण अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, १९५७ साली येतो. पिचला आजचे वळण इथे लागले. फ्रान्समध्ये जन्मलेले प्राध्यापक जॉर्ज डोरिओ हे १९४६ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही कंपनी चालवत होते. घराण्यांच्या खासगी पैशाऐवजी संस्थांचा आणि लोकांचा पैसा नव्या उद्योगांत घालणारी ही पहिल्या काही कंपन्यांपैकी एक. त्यांच्याकडे एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतले दोन तरुण अभियंते आले, केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन. त्यांना संगणक बनवायचे होते. माणसाने समोर बसून वापरावेत, तत्काळ उत्तर द्यावे, असे छोटे संगणक. धंद्याचा अनुभव त्यांना नव्हता. योजना कशी लिहितात हे त्यांनी ग्रंथालयातली पुस्तके वाचून शिकून घेतले.

संचालक मंडळापुढे जाण्याआधी डोरिओंच्या माणसांनी त्यांना तीन सल्ले दिले, ते ओल्सन पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पहिला, संगणक हा शब्द काढून टाका, कारण मोठमोठ्या कंपन्या संगणकात पैसे घालवत असल्याचे मंडळींनी नुकतेच मासिकात वाचले आहे. दुसरा, पाच टक्के नफ्याचे आश्वासन देऊ नका. एवढ्याशा नफ्यासाठी कोणी जोखीम घेत नाही, दहा टक्के म्हणा. तिसरा, नफा लवकर येईल असे सांगा, कारण मंडळावरची काही मंडळी ऐंशीच्या पुढची आहेत. या तिन्ही सल्ल्यांमध्ये एक नवी दृष्टी आहे. आतापर्यंत प्रस्ताव मागणाऱ्याच्या बाजूने लिहिला जाई. इथे तो ऐकणाऱ्याच्या मनातल्या भीतीच्या क्रमाने लिहिला गेला. योजनेची रचनाच बदलली. पहिल्या टप्प्यात प्रयोगशाळांना आणि अभियंत्यांना विकण्यासाठी इलेक्ट्रॉनिक परिपथांचे सुटे मॉड्यूल बनवायचे. ही गरज तिथे आजच होती, ग्राहक ओळखीचे होते आणि माल काही महिन्यांत तयार होणार होता. संगणक दुसऱ्या टप्प्यात. कंपनीच्या नावातही संगणक आला नाही. ती झाली ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’. डोरिओंनी ७०,००० डॉलर घातले आणि सत्तर टक्के हिस्सा घेतला. मेनार्ड गावातल्या जुन्या लोकरगिरणीत कंपनी सुरू झाली, मॉड्यूल विकून पहिल्याच वर्षी नफ्यात आली, आणि १९५९ च्या अखेरीस तिने पीडीपी-१ हा संगणक लोकांपुढे ठेवला. त्या ७०,००० डॉलरांचे मोल पुढे ३५ कोटी डॉलरांहून वर गेले.

संस्थापकांना काय बनवायचे आहे त्याच्या आधी ग्राहकाला काय अडते हे सांगण्याची रीत इथून रुजत गेली असे मला वाटते. कॉर्नवॉलच्या खाणमालकाला कोळशाचे बिल समजावून सांगावे लागत नव्हते. मुंबईच्या भागधारकाला पोलाद परदेशातून येते हे ठाऊक होते. पण परिपथ जोडताना अभियंत्याचे किती आठवडे वाया जातात हे बोस्टनच्या संचालकाला कसे माहीत असणार? पैसे देणारा आणि वापरणारा दोन वेगळ्या जगांतले झाले, तेव्हा अडचणीला स्वतंत्र आणि पहिली जागा द्यावी लागली.

कॅलिफोर्नियात १९७२ मध्ये डॉन व्हॅलेंटाइन यांनी सेकोया कॅपिटल सुरू केली. ते फेअरचाइल्ड आणि नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये विक्रीच्या बाजूला वाढलेले. संस्थापकाच्या शिक्षणापेक्षा बाजारपेठेच्या आकाराला ते अधिक महत्त्व देत. सेकोयाने पुढे संस्थापकांसाठी प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात कंपनीचा हेतू, अडचण, तोडगा, हीच वेळ का आणि बाजार किती मोठा, हे मुद्दे याच ओळीने येतात, आणि जगभरच्या डेकनी तीच ओळ उचलली. दरम्यान साधनही बदलले होते. रॉबर्ट गॅस्किन्स यांनी १९८४ च्या ऑगस्टमध्ये ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शिका बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा छोटासा प्रस्ताव लिहिला. १९८७ मध्ये ते पॉवरपॉइंट म्हणून बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यामागची फोरथॉट ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरांना विकत घेतली. जाडजूड बिझनेस प्लॅनची जागा एका स्लाईडला एक मुद्दा या शिस्तीने घेतली.

या शिस्तीचा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला नमुना एअरबीएनबीचा. २००८ च्या जूनमध्ये तिचे एक संस्थापक ब्रायन चेस्की यांची सात गुंतवणूकदारांशी ओळख करून देण्यात आली. मागणी होती दीड लाख डॉलरांची, कंपनीचे मोल पंधरा लाख धरून. म्हणजे दहा टक्के हिस्सा. पाचांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिले नाही. चेस्की यांनी ती पत्रे २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकाचे म्हणणे होते की ही बाजारपेठ आमच्या गरजेइतकी मोठी वाटत नाही.

त्या काळातली त्यांची डेक आज कोणालाही पाहता येते. अडचण तीन ओळींत: प्रवाशाला किमतीची काळजी असते, हॉटेलात राहून शहराशी नाते जुळत नाही, आणि स्थानिक माणसाच्या घरी खोली घेण्याची सोपी सोय नाही. स्वतःचे ट्रॅक्शन नगण्य होते, म्हणून त्यांनी दुसऱ्यांचे दाखवले. काउचसर्फिंगवर सहा लाखांहून अधिक सदस्य आहेत, आणि क्रेगलिस्टवर सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्कमध्ये एका आठवड्यात तात्पुरत्या निवासाच्या १७,००० जाहिराती येतात. लोक अनोळखी घरात झोपायला आधीच तयार आहेत याचा हा पुरावा होता. बाजारपेठेच्या स्लाईडवर मात्र जगभरातले सुमारे दोन अब्ज प्रवास, त्यांतले ऑनलाइन आणि किफायतशीर पन्नास कोटींहून अधिक, आणि त्यांतला आपला काही टक्के वाटा, असे एकात एक बसलेल्या तीन वर्तुळांचे चित्र होते. माझ्या मते हीच त्या डेकची दुबळी बाजू. दोन अब्ज हा आकडा प्रवासाचा आकार सांगतो. परक्याच्या घरी राहणाऱ्यांची संख्या त्यातून निघत नाही. वरून खाली टक्के लावत आलेला आकडा ऐकणाऱ्याला पटला नाही तर त्याला तो तपासायलाही वाट सापडत नाही.

शेवटची स्लाईड याच्या नेमकी उलट आहे, आणि नव्या संस्थापकांनी अभ्यासावी ती हीच. इथली मागणी वरच्या दीड लाखांहून वेगळी आहे: पाच लाख डॉलर हवेत, ते बारा महिने पुरतील, त्या काळात ८०,००० बुकिंग होतील आणि वीस लाख डॉलर उत्पन्न येईल. आपण हे आकडे उलगडून पाहू. वीस लाखांना ८०,००० ने भागले की प्रत्येक बुकिंगमागे २५ डॉलर येतात. कंपनीचे कमिशन दहा टक्के, म्हणजे बुकिंग सरासरी २५० डॉलरचे हवे, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी डॉलर भाड्याच्या सुमारे तीन रात्री. आणि वर्षाला ८०,००० म्हणजे दिवसाला साधारण २२०. यातला प्रत्येक सांधा ऐकणाऱ्याला ठोकून पाहता येतो. रोज २२० बुकिंग कुठून आणणार? भाडे इतके मिळते का? संस्थापकाला उत्तर देता येते, किंवा आकडा कुठे सैल आहे ते दोघांनाही कळते. पैसा, महिने, कामाचा टप्पा आणि उत्पन्न एका साखळीत बांधले, की मागणी हा सौदेबाजीचा आकडा राहत नाही. कंपनी २००९ च्या आरंभी वाय कॉम्बिनेटरमध्ये गेली, आणि त्याच वर्षी सेकोयाने तिच्यात सुमारे सहा लाख डॉलर घातले.

त्यानंतर ट्रॅक्शनचा भाव चढत गेला, कारण ॲप बनवणे स्वस्त झाले आणि पैसे मागण्याआधीच काहीतरी चालू करून दाखवणे शक्य झाले. जिथे भाव चढतो तिथे भेसळही येते. एकूण नोंदणीचा आलेख कधीच खाली येत नाही, म्हणून तो काढला जातो आणि दर महिन्याला टिकून राहणाऱ्या ग्राहकांचा आलेख वगळला जातो. फुकट चाचणी घेणारी संस्था ग्राहक म्हणून मिरवली जाते. बाजारमंचावरून झालेली एकूण उलाढाल स्वतःचे उत्पन्न म्हणून छापली जाते. टोकाचे उदाहरण रक्तचाचणीच्या थेरानोस कंपनीचे. तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांनी गुंतवणूकदारांना पाठवलेल्या अहवालांवर फायझर आणि शेरिंग-प्लाउ या औषध कंपन्यांची बोधचिन्हे स्वतः लावली होती, हे त्यांनी २०२१ मध्ये न्यायालयात मान्य केले. २०२२ च्या जानेवारीत गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या आरोपांवर त्या दोषी ठरल्या.

आपल्या घरांपर्यंत पिच पोहोचली ती दूरचित्रवाणीने. जपानमध्ये २००१ साली पैशाच्या वाघांचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यातून २००५ मध्ये ब्रिटनचा ‘ड्रॅगन्स डेन’, २००९ मध्ये अमेरिकेचा ‘शार्क टँक’ आणि २०२१ च्या डिसेंबरात त्याची भारतीय आवृत्ती आली. या मंचावर संस्थापक नाव-गाव सांगतो आणि लगेच मागणी बोलतो: पाच टक्क्यांसाठी ५० लाख. स्लाईडवर शेवटी गेलेली मागणी इथे पुन्हा पहिल्या वाक्यात आली, कारण प्रेक्षकाला आणि परीक्षकाला पुढचे सगळे त्या आकड्याच्या प्रकाशात ऐकायचे असते. पाच टक्क्यांचे ५० लाख म्हणजे पैसे आल्यानंतरचे कंपनीचे मोल १० कोटी आणि आधीचे साडेनऊ कोटी. नवखे संस्थापक या दोन आकड्यांत गल्लत करतात आणि हिस्सा चुकीचा बोलून बसतात. हात मिळवल्यावर कॅमेरे बंद होतात आणि कागदपत्रांची तपासणी सुरू होते. ट्रॅक्शनच्या स्लाईडवरची महिन्याची विक्री आता जीएसटीच्या विवरणपत्रांशी आणि बँकेच्या खातेउताऱ्याशी ओळीला ओळ लावून ताडली जाते, आणि फरक निघाला तर तो का आला याचे उत्तर लेखी द्यावे लागते.